कॅलिपर आणि ॲबे त्रुटी: जबड्याच्या टोकाशी माप का बदलतं?

प्रश्न: एकच स्लिप गेज, म्हणजे नेमक्या जाडीचा ठोकळा, डिजिटल कॅलिपरच्या जबड्यात आत, पट्टीजवळ धरला तर 25.00 येतं, टोकाशी धरला तर 24.98. मायक्रोमीटरवर मात्र बरोबर येतं. मोजायची रेषा स्केलच्या रेषेवर हवी असं म्हणतात, त्याचा याच्याशी काय संबंध?

उत्तर:

थेट संबंध आहे. कॅलिपरचं स्केल पट्टीवर असतं आणि वस्तू तिच्यापासून दूर, जबड्यांमध्ये. या दोन रेषांमधलं अंतर h धरा. सरकता जबडा पट्टीला अगदी काटकोनात राहिला तर h कितीही असला तरी फरक पडत नाही. पण सरकायचं म्हणजे थोडा खेळ, म्हणजे बारीक मोकळी फट, ठेवावाच लागतो, आणि खेळ असला की दाबाखाली जबडा किंचित कलतो. कल θ असेल तर चूक साधारण h × θ. हीच ॲबे त्रुटी. मोजायची लांबी स्केलच्याच रेषेत, तिच्या पुढे ठेवावी हे तत्त्व अर्न्स्ट ॲबे यांनी 1890 मध्ये मांडलं.

तुमच्या आकड्यांवरच हिशोब करून पाहू. सरकत्या जबड्याचा स्लायडर पट्टीवर साधारण 50 मिमी लांबीत टेकतो आणि तिथे 0.02 मिमी खेळ आहे असं धरा. म्हणजे कल 0.02/50, अर्थात 0.0004 रेडियन. टोक स्केलपासून 40 मिमी दूर असेल तर चूक 0.016 मिमी. गेज 10 मिमीवर धरला तर फक्त 0.004 मिमी, म्हणजे 0.01 मिमी लघुत्तम माप असलेल्या कॅलिपरवर ती दिसणारच नाही. तुम्हाला दिसलेला फरक साधारण एवढाच आहे.

माप कमीच का आलं तेही पाहा. अंगठा स्लायडरला पट्टीजवळ ढकलतो, वस्तू मात्र टोकाला अडवते. टोक मागे राहतं, स्लायडर थोडा पुढे जातो, आणि स्केल स्लायडरची जागा वाचतं. म्हणून बाहेरचं माप लहान येतं. वरच्या जबड्यांनी भोकाचा व्यास घेताना स्लायडर बाहेर ओढला जातो, तिथे याच कारणाने माप मोठं येतं.

हा कल साधा वाटतो, पण त्याचे दोन परिणाम वेगळे ओळखायला हवेत. वस्तूच स्केलच्या दिशेला तिरकी बसली तर जी चूक येते ती कोसाइन त्रुटी, साधारण L × θ²/2. त्याच 0.0004 रेडियनला 25 मिमीवर ती जेमतेम 2 नॅनोमीटर भरते. ॲबे त्रुटीत θ चा वर्ग नसतो, म्हणून ती इतकी मोठी पडते. माझ्या मते हा एक फरक लक्षात राहिला तरी पुरे.

जबडे मिटवून शून्य केलं की चूक निघून जाईल असं बऱ्याच जणांना वाटतं. जात नाही, कारण कल दाबानुसार आणि वस्तू किती खोलवर धरली त्यानुसार बदलतो.

मात्र खात्री करून घ्या, कारण टोकाशी झिजलेला जबडाही आत आणि टोकाशी वेगवेगळं माप देतो. गेज टोकाशी धरून आधी हलक्या, मग थोड्या जास्त दाबाने वाचन घ्या. वाचन दाबाबरोबर सरकलं तर कल आहे, स्थिर राहिलं तर बहुधा झीज. जबडे मिटवून उजेडासमोर धरले तर झिजेची फट दिसतेही.

खेळ कमी करायला स्लायडरच्या कडेचे गिब स्क्रू असतात. दोन्ही अगदी थोडे थोडे, आळीपाळीने फिरवा आणि दर वेळी स्लायडर पूर्ण पट्टीवर फिरवून पाहा. जुन्या कॅलिपरची पट्टी सुरुवातीच्या, नेहमीच्या वापराच्या भागात जास्त झिजलेली असते. तिथे नेमकं घट्ट केलं तर पुढे स्लायडर अडकतो. अशा वेळी सर्वांत घट्ट जागेपुरतंच जुळवा आणि उरलेल्या खेळाची भरपाई वस्तू पट्टीजवळ धरून व हलक्या दाबाने करा.

मायक्रोमीटरमध्ये स्क्रूचा अक्ष, म्हणजे स्केलच, स्पिंडलमधून सरळ वस्तूत जातो, म्हणून h जवळजवळ शून्य. पण वस्तू पृष्ठाच्या मधोमध टेकली तरच. 6.5 मिमी व्यासाच्या स्पिंडलच्या कडेवर छोटी गोळी धरली तर h तीन मिमीच्या वर जातो.

मोठ्या मापन यंत्रांत स्केल वस्तूच्या रेषेत बसवणं बहुतेक वेळा शक्यच नसतं. अमेरिकी अभियंता जिम ब्रायन यांनी 1979 मध्ये ॲबे यांच्या तत्त्वाचा विस्तार केला तो त्यासाठी: रेषा जुळत नसतील तर मार्गिका कलू देऊ नका, नाहीतर कल मोजून तेवढी दुरुस्ती करा. 100 मिमी अंतरावर एका आर्कसेकंदाचा कलही जवळपास अर्धा मायक्रॉन चूक देतो.