पाचव्या दिवशीचे वजन

प्रश्न: माझे बाळ ९ दिवसांचे आहे, जन्मवजन २.५ किलो, थोडी कावीळ सांगितली आहे. दिवसभर झोपून असते आणि छातीशी घेतले की दोन मिनिटांत डोळे मिटते. घरचे म्हणतात झोपलेल्या बाळाला उठवू नये. रात्री उठवून पाजावे का?

होय, उठवावे, आणि फक्त रात्री नव्हे, दिवसाही. जन्मवजन पूर्ण भरून येईपर्यंत आणि कावीळ उतरल्याचे डॉक्टरांनी सांगेपर्यंत दोन पाजण्यांमध्ये तीन तासांहून जास्त अंतर पडू देऊ नका. दिवस-रात्र मिळून किमान आठ वेळा, शक्यतो दहा वेळा पाजणे झाले पाहिजे. हे तीन तास एका पाजण्याच्या सुरुवातीपासून पुढच्या पाजण्याच्या सुरुवातीपर्यंत मोजायचे असतात. आमच्या घरी ते शेवटापासून मोजले जात होते. अशा बाळाला पाजायला पाऊण तास सहज लागतो, त्यामुळे कागदावरचे तीन तास प्रत्यक्षात पावणेचार होत होते आणि दिवसातून दोन पाजणी गळत होती.

मी बाप आहे, आई नव्हे, तरी लिहितो, कारण तुमच्या घरचे जे वाक्य बोलतात तेच वाक्य माझ्या घरी दोन दिवस बोलले गेले आणि मी ते मुकाट्याने मानले.

आमची मुलगी ३७ आठवडे भरल्यावर लगेच जन्मली, वजन २,६८० ग्रॅम. पत्नीचे माहेर रत्नागिरीला, आईच्या गुडघ्यांमुळे तिला मुंबईत येणे शक्य नव्हते, म्हणून बाळंतपण आमच्या भांडुपच्या घरीच करायचे ठरले आणि माझी मोठी बहीण मदतीला येऊन राहिली. तिसऱ्या दिवशी घरी सोडताना रुग्णालयातून ‘दर दोन तासांनी पाजा’ एवढेच सांगण्यात आले. बाळ खरोखर दूध ओढते आहे की नुसते तोंडात धरून झोपते आहे, हे कोणीही बसून पाहिले नाही. घरी येणारा प्रत्येक जण म्हणत होता की बाळ किती शांत आहे, रडण्याचा आवाजसुद्धा येत नाही. मला त्याचा अभिमान वाटत होता. चौथ्या रात्री ती साडेदहाला झोपली ती पहाटे पाचपर्यंत. मध्ये पत्नी दोनदा उठून बसली, तिची छाती दगडासारखी घट्ट झाली होती, पण ताई म्हणाली की बाळ झोपेतच वाढते, भूक लागली की आपोआप रडेल, झोपलेल्या लेकराला उठवू नये. पत्नी पुन्हा आडवी झाली आणि मीही झोपलो.

पहाटे लंगोट बदलताना त्यावर विटकरी रंगाचा डाग दिसला. आम्हाला ते रक्त वाटले. ताईने ते अंगातली उष्णता आहे असे सांगितले. प्रत्यक्षात ते मूत्रातले युरेटचे कण असतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत ते दिसले तर चालते, पण चौथ्या-पाचव्या दिवशी दिसले तर बहुतेक वेळा बाळाच्या पोटात दूध कमी जात असते. शीचा रंगही तोपर्यंत पिवळा व्हायला हवा होता. तिची शी अजून काळपट हिरवी होती, तीही दिवसातून एकदाच. त्या दिवशी पाचवीची पूजा होती, घर पाहुण्यांनी भरले होते, आणि शेजारच्या काकूंनी तिच्या कपाळावर बोट दाबून उचलले तर खालची त्वचा हळदीसारखी दिसली. जुलै महिना होता, पावसाने चार दिवस ऊन नव्हते, म्हणून कोणीतरी ट्यूबलाइटखाली ठेवायला सांगितले. मी पूजा अर्धी टाकून तिला बालरोगतज्ज्ञांकडे नेले. वजन २,३४० ग्रॅम भरले. ३४० ग्रॅम कमी, म्हणजे जन्मवजनाच्या जवळजवळ १३ टक्के. सात टक्क्यांपर्यंतची घट नेहमीची मानतात, दहाच्या पुढे गेली की डॉक्टर गप्प बसत नाहीत. कावीळ करणारे रक्तातले पिवळे द्रव्य, म्हणजे बिलिरुबिन, १८.६ निघाले आणि त्याच संध्याकाळी तिला निळ्या दिव्यांखाली ठेवण्यात आले.

तिथे डॉक्टरांनी जे समजावले, ते मला चार दिवस आधी कळायला हवे होते. बाळाच्या अंगातले बिलिरुबिन मुख्यतः शीवाटे बाहेर पडते. दूध कमी गेले की शी कमी होते, आतड्यात साचलेले बिलिरुबिन पुन्हा रक्तात शोषले जाते आणि कावीळ वाढते. वाढलेल्या कावीळीने बाळ आणखी सुस्त होते, सुस्त बाळ आणखी कमी पिते. पोटात पुरेसे दूध नसले की ताकद कमी पडते आणि बाळ जास्त झोपते. म्हणून ‘भूक लागली की रडेल’ हे वाक्य अशा बाळाला लागूच पडत नाही. भुकेने उठण्याची शक्तीच त्याच्याकडे उरलेली नसते. इकडे छाती रिकामी होत नाही, त्यामुळे आईचे दूधही हळूहळू कमी होऊ लागते. साखरेचे पाणी, गुटी, मध यांनी हे चक्र तुटत नाही. त्यांनी पोटातली दुधाची जागा भरते, आणि मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला द्यायचाच नसतो.

उठवायचे कसे, हे तिथल्या एका वयस्क सिस्टरने दाखवले. आम्ही तोपर्यंत गालाला हात लावायचो आणि तळव्याला टिचक्या मारायचो. त्या म्हणाल्या, टिचकीने बाळ रडते, रडून थकते आणि पुन्हा झोपते. त्यांनी आधी दुपटे सोडले, टोपरे आणि झबले काढले, फक्त लंगोटावर तिला पत्नीच्या उघड्या छातीवर उभे धरले आणि पाठीवर पातळ चादर टाकली. गुंडाळलेले, उबदार बाळ झोपणारच. मग त्या थांबल्या. बुबुळे पापण्यांखाली हलू लागली, ओठ चोखल्यासारखे झाले, तेव्हा म्हणाल्या, आता घ्या. हात उचलून सोडला तर चिंधीसारखा पडत असेल तर झोप गाढ असते, अशा वेळी दहा-पंधरा मिनिटे थांबून पुन्हा पाहावे, पण तीन तास उलटून गेले असतील तर थांबू नये. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटे वर-खाली फिरवायची, तळवे अंगठ्याने चोळायचे, आणि दुधाचा एक थेंब पिळून ओठावर लावायचा.

पण तोंडात धरले म्हणजे पिणे झाले नाही, आणि तुमच्या बाळाची दोन मिनिटे इथेच अडकलेली असावीत. सिस्टरने पत्नीला हनुवटीकडे पाहायला सांगितले. बाळ खरोखर घोट घेते तेव्हा हनुवटी खोल खाली जाते, क्षणभर थांबते आणि हलका ‘क’ असा आवाज येतो. नुसते चोखत असते तेव्हा हनुवटी भराभर थरथरते आणि आवाज नसतो. घोट थांबले की आईने हाताच्या पंजाने स्तन मुळाशी धरून सावकाश दाबायचा. दुधाची धार आत गेली की बाळ पुन्हा तीन-चार घोट घेते. दाबूनही घोट येईनात की बाळाला सोडवायचे, लंगोट बदलायचा आणि दुसऱ्या बाजूला घ्यायचे. दोन्ही बाजू मिळून अर्ध्या तासाहून जास्त ओढायचे नाही, कारण त्यापुढे असे बाळ थकत जाते आणि दूध फारसे ओढत नाही.

उरलेले काम बोंडल्याने करायचे. पत्नी हाताने दूध पिळून वाटीत काढायची आणि मी पाजायचो. डॉक्टरांचा हिशेब सोपा होता: पाच-सहा दिवसांच्या बाळाला किलोमागे दिवसाला साधारण १५० मिलि, म्हणजे तिला ३५० मिलि, नऊ पाजण्यांत विभागले तर एका वेळी सुमारे ४० मिलि. छातीवरून ती किती घेते ते दिसत नव्हते, म्हणून सुरुवातीला प्रत्येक पाजण्यानंतर वीस ते तीस मिलि वरून द्यायला सांगितले. बाळाला जवळजवळ बसते धरायचे, बोंडल्याची चोच ओठाच्या कडेला टेकवायची आणि प्रत्येक घोट गिळल्यावरच पुढचा थेंब द्यायचा. झोपलेल्या बाळाच्या तोंडात दूध ओतायचे नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

दोन रात्रींनी दिवे बंद झाले तेव्हा बिलिरुबिन ११ वर आले होते आणि वजन २,४१० होते. घरी मी मोबाइलवर रात्री साडेदहा, एक, साडेतीन आणि सहाचे गजर लावले. बाळाला सोडवून जागे करणे आणि लंगोट बदलणे माझ्याकडे, पाजणे पत्नीकडे, बोंडले पुन्हा माझ्याकडे. चौदाव्या दिवशी वजन २,६९० झाले. त्या रात्रीपासून डॉक्टरांच्या परवानगीने रात्रीचा एक गजर बंद केला आणि बोंडल्याने पाजणेही हळूहळू थांबवले.

ताई आजही म्हणते की तिने दोन मुले न उठवता वाढवली. मी तिला त्यांची जन्मवजने विचारली. ३.१ आणि ३.३ किलो, दोन्ही पूर्ण दिवसांची, दर दोन तासांनी घर डोक्यावर घेणारी. अशा बाळाला उठवायची गरज नसते हे मलाही मान्य आहे. पण त्या मुलांवरून ३७ आठवड्यांच्या सुस्त बाळाचा नियम काढता येत नाही, आणि तुमच्या घरच्यांनाही त्यांच्या मुलांची वजने विचारून पाहा.

तुम्ही आजचे वजन लिहिलेले नाही, आणि खरे उत्तर त्यातच आहे. त्याच दवाखान्याच्या काट्यावर, कपडे काढून, आजच वजन करा. नवव्या दिवशी ते २.५ किलोच्या जवळ येत असले पाहिजे आणि रोज वीस ते तीस ग्रॅमने वाढत असले पाहिजे. चोवीस तासांत सहा किंवा अधिक ओले लंगोट आणि तीन-चार पिवळ्या शी होत असतील तर दूध जाते आहे. मात्र कपडे काढून, छातीवर घेऊन, लंगोट बदलूनही बाळ जागे होत नसेल, लागोपाठ दोन वेळा पीत नसेल, अंग ढिले पडले असेल किंवा मागे कमानीसारखे वाकत असेल, किंकाळीसारखे रडत असेल, ताप असेल किंवा अंग गार लागत असेल, तळहात-तळपाय पिवळे झाले असतील, किंवा शी पांढरट होत असेल, तर उठवण्याच्या युक्त्या करीत बसू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी तसेच रुग्णालयात न्या. बाळ ३७ आठवड्यांच्या आधीचे असेल तर वर दिलेले दुधाचे माप वापरू नका, ते तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.