स्ट्रेटनर लावल्यावर चर्र आवाज येतो, स्प्रे मारूनही केस तुटतात

प्रश्न: मी नाशिकला राहते. सकाळी नऊच्या आत सातपूरला ऑफिस गाठायचं असतं, म्हणून केस धुतले की टॉवेलने पुसते, हीट प्रोटेक्शन स्प्रे मारते आणि लगेच स्ट्रेटनर फिरवते. बाटलीवर '२३० डिग्रीपर्यंत संरक्षण' असं लिहिलंय, म्हणून मशीनही २३० वरच ठेवते. तरी केस अर्ध्यातून तुटतात आणि स्ट्रेटनर लावला की चर्र असा आवाज येतो. स्प्रे डुप्लिकेट असेल का?

उत्तर:

स्प्रे बहुतेक अस्सलच असेल. तुमच्या वर्णनातली खरी गोष्ट तो 'चर्र' आहे. मी इंदिरानगरला पार्लर चालवते आणि नवीन मुलीला शिकवताना पहिली अट हीच घालते, की आवाज आला की मशीन खाली ठेवायचं.

तो आवाज केसातल्या पाण्याचा असतो. धुतल्यावर केस आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी पिऊन बसतो. टॉवेलने पुसलं जातं ते फक्त वरचं पाणी. आतल्या पाण्यावर २३० डिग्रीची तापलेली पट्टी दाबली की त्याची क्षणात वाफ होते, आणि ती केसाच्या बाहेरच्या खवल्यांच्या थरातून तेवढ्या झपाट्याने बाहेर पडू शकत नाही. मग ती केसाच्या आतच फुगते आणि पोकळ्या करते. त्वचारोगतज्ज्ञ याला 'बबल हेअर' म्हणतात. पोकळी झाली तिथे केसाची भिंत पातळ होते आणि कंगवा अडकला की केस नेमका तिथूनच मोडतो. तुमचे केस अर्ध्यातून तुटतात ते यामुळे.

दुसरं म्हणजे, केस ज्या प्रथिनाचा बनलेला असतो ते केराटिन पूर्ण कोरडं असेल तर साधारण २३० डिग्रीच्या आसपास मोडायला लागतं. ओल्या केसात तेच १५० च्या आसपास होतं. म्हणजे मशीनवर आकडा तोच असला तरी कोरड्या आणि ओलसर केसासाठी त्याचा अर्थ एक नाही. (रंगवलेला किंवा ब्लीच केलेला केस आधीच कमकुवत असतो, त्याला आणखी खाली ठेवा.)

खात्री करायची असेल तर तुटलेला एक केस खिडकीशी उजेडात धरा आणि दोन बोटांच्या चिमटीतून टोकापर्यंत ओढत न्या. मधेच खरखरीत गाठीसारखं लागलं, पांढरा ठिपका दिसला किंवा केस तिथेच कोनात दुमडला, तर तो भाजलेला आहे. आता त्याचं दुसरं टोक बघा. तिथे पांढरट बारीक मूळ नसेल तर केस गळलेला नाही, तुटलेला आहे. केस गळतात म्हणून गोळ्या सुरू केलेल्या बऱ्याच जणी माझ्याकडे येतात आणि त्यांच्या कंगव्यात निघतात ते सगळे बिनमुळाचे तुकडे!

आता स्प्रेचं. त्यात मुख्यतः पाणी असतं, त्यात डायमेथिकोन किंवा अमोडायमेथिकोनसारखी सिलिकॉन आणि काही पॉलिमर. वाळल्यावर त्यांचा केसावर अगदी पातळ थर बसतो. हा थर उष्णता अडवत नाही, ती आत शिरायला थोडा वेळ लावतो आणि एका जागी साचू न देता पसरवतो. शिवाय केस गुळगुळीत झाल्यामुळे पट्टी अडकत नाही, एकाच जागी रेंगाळत नाही, आणि नंतर विंचरताना ओढ कमी बसते. माझ्या मते रोजच्या वापरात खरा फायदा या शेवटच्या गोष्टीचा आहे. गरम पातेलं उतरवताना आपण धरतो त्या फडक्यासारखं ते काम असतं: ओट्यावर ठेवेपर्यंत हात वाचतो, धरूनच उभं राहिलं तर भाजतंच. केस इतका बारीक असतो, की पट्टी दोन-चार सेकंद दाबून धरली तर थर असो-नसो, तो आतपर्यंत तापतो.

म्हणून बाटलीवरचा २३० हा मशीन लावायचा आकडा नव्हे. तेवढ्या तापमानापर्यंत थर काही काम करतो, एवढाच कंपनीचा दावा असतो. आणि तुम्ही स्प्रे मारून लगेच स्ट्रेटनर लावता, म्हणजे ज्या पाण्याने घात होतोय तेच आणखी घालता. थर बसायलाही सवड मिळत नाही.

सकाळचा क्रम असा बदला. जमलं तर केस रात्री धुवा. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत सकाळी गार पाण्याने ओले झालेले दाट केस तासभर वाळत नाहीत, पावसाळ्यात तर विचारूच नका. सकाळीच धुवायचे असतील तर टॉवेलने घासू नका, जुन्या सुती पंच्यात दाबून पाणी टिपा. केस ओलसर असतानाच स्प्रे मारा, मानेकडच्या आणि टोकांच्या केसांना विसरू नका, आणि मोठ्या दातांच्या कंगव्याने तो सारखा पसरवा. मग ड्रायर.

ड्रायरला लोक उगाच घाबरतात. कोरियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये केस पुन्हा पुन्हा धुऊन वेगवेगळ्या अंतरावरून वाळवून पाहिले. १५ सेंटीमीटरवर हवा साधारण ४७ डिग्री होती, ५ सेंटीमीटरवर ९५. जवळून वाळवलेल्या केसांचा पृष्ठभाग जास्त खराब झाला. पण नुसते हवेवर वाळवलेले केसही सुटले नाहीत: बराच वेळ ओले राहिल्याने खवल्यांना जोडणाऱ्या आतल्या थराला सूज आली होती. तेव्हा ड्रायर वीतभर लांब धरा आणि हलता ठेवा, तेवढं पुरे. केस वाळला की नाही हे मानेजवळ हात घालून कळतं. तिथली बट गार लागली तर ओल शिल्लक आहे.

मग स्ट्रेटनर १६० वर लावा. केस बारीक किंवा रंगवलेले असतील तर १४० वर. दोन बोटं रुंदीची पातळ बट घ्या, मुळापासून थोडी जागा सोडून न थांबता एकदाच सावकाश खाली आणा. सरळ झाली नाही तर १० डिग्री वाढवा. १८० ला पोहोचूनही होत नसेल तर तापमानाला दोष देऊ नका, बट जाड घेताय. जाड कुरळ्या केसांना क्वचित २०० लागतं, त्यापुढे मी कुणासाठीच जात नाही. जास्त तापमानावर एकदा की कमीवर पाच वेळा, हा प्रश्न नेहमी येतो. बट पातळ घेतली तर मधल्या तापमानावर एका फेरीत काम होतं.

मशीनला आकडेच नसतील, नुसतं चालू-बंद बटण असेल, तर तापल्यावर पांढरा टिश्यू पेपर पट्ट्यांत काही सेकंद धरा. पिवळा पडला तर केसाला लावू नका. बटण बंद करून थोडा वेळ जाऊ द्या, पुन्हा तपासा.

स्ट्रेटनर फिरवण्याआधी खोबरेल लावायची सवय असेल तर तीही सोडा. एवढ्या गरम पट्टीवर तेल धुरकटतं आणि पट्टीला चिकट थर बसतो. तेल आदल्या रात्री लावा आणि शाम्पूने धुऊन टाका.

जे केस आधीच आतून फुगलेत ते कुठल्याही सीरमने किंवा पार्लरच्या स्पाने भरून येत नाहीत, फक्त काही दिवस गुळगुळीत वाटतात. खरखरीत भाग कुठवर आहे ते बोटांनी चाचपून तेवढाच कापून घ्या. बहुतेकींचा तो शेवटच्या तीन-चार बोटांत असतो, कारण टोकाचा केस सगळ्यात जुना आणि पट्टी त्याच्यावरून सगळ्यात जास्त वेळा गेलेली असते.