मोरचुदाचा प्रयोग आणि ‘दक्षता’चा परिच्छेद

प्रश्न : कॉपर ऑक्साइडपासून मोरचुदाचे स्फटिक करण्याच्या प्रयोगात मी ‘आम्ल जपून हाताळावे, काच फुटू देऊ नये’ असं लिहिलं. बाईंनी लाल रेघ मारली. काय चुकलं? (दहावी)

हे वाक्य कुठल्याही प्रयोगाखाली चिकटवता येतं, म्हणून रेघ आली. आधी कृती वाच आणि इजा नेमकी कुठल्या पायरीवर होऊ शकते ते शोध. तुझ्या प्रयोगात ती पायरी आम्ल ओतण्याची नाहीच, शेवटी द्रावण आटवण्याची आहे. बाष्पनपात्रात पाणी कमी होत आलं की द्रावण तडतडतं आणि गरम थेंब डोळ्यांपर्यंत उडतात. मग परिच्छेद असा होईल:

‘१ मोलर सल्फ्युरिक आम्ल डोळ्यांना व त्वचेला दाहक असते. आटवताना थेंब उडू शकतात, म्हणून अखेरपर्यंत चष्मा घालू व पात्रावर वाकणार नाही. द्रावण निम्मे झाल्यावर किंवा कडेला स्फटिक दिसताच दिवा विझवू आणि उरलेले पाणी आपोआप उडू देऊ.’

‘काळजी घेऊ’ हे शब्द इथे एकदाही आलेले नाहीत. दिवा केव्हा विझवायचा, ते मात्र आलं.

प्रश्न : आम्ल सौम्यच असतं, तरी त्याचा धोका लिहायचा का?

लिहायचा, पण आहे तेवढाच. १ मोलर आम्लाला ‘अत्यंत घातक’ म्हटलं तर तेही चूकच. अडचण वेगळी आहे. आटवताना पाणी जातं, सल्फ्युरिक आम्ल मागे राहतं. ते शिल्लक असेल तर सौम्य आम्ल पात्रातच तीव्र होत जातं. म्हणून कॉपर ऑक्साइड जास्त घेतात. २५ मिली आम्लाला हिशेबाने २ ग्रॅम पुरतं. अडीच ग्रॅम घ्या. कोमट आम्लात ढवळूनही तळाशी काळी भुकटी उरली, म्हणजे आम्ल संपलं. मग गाळा. बहुतेक मुलं ही पायरी फक्त ‘कृती’त लिहितात, पण ती दक्षताही आहे.

प्रश्न : काच आणि स्पिरिटच्या दिव्याबद्दल काय लिहावं?

गरम काच थंड काचेसारखीच दिसते, त्यामुळे मुलं चंचुपात्र सरळ हाताने उचलतात. ‘तापवलेले पात्र चिमट्यानेच उचलू, ओल्या ओट्यावर ठेवणार नाही’ एवढं पुरे. ओल्या थंड फरशीवर ते तडकतं. दिवा फुंकायचा नाही, टोपणाने झाकायचा, आणि पेटता असताना त्यात स्पिरिट ओतायचं नाही.

प्रश्न : प्रथमोपचारही लिहायचे का?

एका ओळीत. आम्ल डोळ्यात गेलं किंवा हात भाजला तर लगेच वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं, आणि शिक्षकांना हाक. त्वचेवरच्या आम्लावर खायचा सोडा चोळायचा नाही. तो ओट्यावर सांडलेल्या आम्लासाठी असतो.