ऑफिसातल्या सहकाऱ्याला उसने पैसे द्यायला गोडीत नाही कसं म्हणावं?

प्रश्न: नागपूरला हिंगणा एमआयडीसीत नोकरी करतो. शेजारच्या टेबलावरच्या मित्राने पगारापर्यंत ५,००० मागितले आहेत, व्हॉट्सअ‍ॅपवर. द्यायचे नाहीत, पण दुखवायचंही नाही. काय लिहू?

उत्तर: त्याच दिवशी, फक्त त्यालाच (ग्रुपवर नको) एवढं लिहा:

"भाऊ, तू हक्कानं विचारलंस, बरं वाटलं. पण ऑफिसात कोणाशीच उसने पैशाचा व्यवहार ठेवायचा नाही असं मी ठरवलंय, म्हणून देता येणार नाही. अकाउंट्समध्ये पगारातून अ‍ॅडव्हान्स मिळतो का, ते विचारायला उद्या तुझ्यासोबत येतो. दुपारी चहाला भेटू."

"या महिन्यात माझीच ओढाताण आहे" असं मात्र लिहू नका. ते खरं नसेल तर खोटं ठरतं, आणि खरं असलं तरी पुढच्या महिन्यात तो परत विचारणार, कारण तुम्ही नकार नाही, तारीख दिलीत. नियम सांगितला की नकार त्याच्यावरच्या अविश्वासाचा राहत नाही. फक्त तो सगळ्यांना सारखा हवा. आठवड्याने दुसऱ्या कोणाला दिलेत तर याला कळेलच, आणि ते जास्त लागेल.

"बरं, २,००० तरी दे" असं येण्याची शक्यता आहे. तिथे रकमेवर बोलू नका, नवं कारणही देऊ नका. "नाही रे, रक्कम कितीही असो, माझं तेच आहे" एवढंच. कंपनीत कर्मचाऱ्यांची पतसंस्था असेल आणि तो सभासद असेल, तर तिथल्या कर्जाचंही सुचवा. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं आधी तुम्हीच बोला.