शिक्षिकेचा रेझ्युमे सॉफ्टवेअर टेस्टिंगसाठी कसा मांडायचा

"दादा नमस्कार, मी खानापूर तालुक्यात हायस्कूलला गणित-विज्ञान शिकवते, टेस्टिंगचा क्लास केलाय, जर्मनीला यायचं डोक्यात आहे. रेझ्युमे जसा आहे तसा टाकते, नीट करायला सांगा: नाव वडिलांचं नाव जात जन्मतारीख विवाहित बीएस्सी कर्नाटक विद्यापीठ धारवाड 2011 बीएड 2012 जून 2013 पासून मराठी माध्यम हायस्कूलला शिक्षिका एसएसएलसी वर्गांना गणित प्रश्नपत्रिका काढते विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन भरते 2019 ला वर्षभर बाळंतपणाची रजा टेस्टिंग क्लास 3 महिने मॅन्युअल सेलेनियम एसक्यूएल जिरा शॉपिंग साइट प्रोजेक्ट मेहनती प्रामाणिक टीममध्ये काम करते वरील माहिती खरी आहे."

बाई, नमस्कार. मी निपाणीचा, सध्या म्युनिकला टेस्टिंगमध्येच आहे आणि टीमसाठी आलेले रेझ्युमे वाचायचं कामही माझ्याकडं असतं, त्यामुळं वाचणाऱ्याच्या बाजूनं सांगतो. तुमच्याकडं माल आहे बघा, फक्त तो सगळा एकाच पोत्यात भरलाय.

आधी टेम्प्लेट शोधत बसू नका. हा मजकूर नोटपॅडमध्ये टाका, प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीवर घ्या आणि एकेका ओळीला विचारा, हे मी केलेलं काम आहे, की मला येतं ते आहे, की माझ्याबद्दलची नुसती माहिती? वडिलांचं नाव, जात, विवाहित आणि खाली "वरील माहिती खरी आहे" हे सगळं सरळ काढा. इकडं ते कुणी मागत नाही. फोटो ऐच्छिक आहे, नसला तरी चालतो. मेहनती, प्रामाणिक हेपण काढा, कारण ते खरं असलं तरी वाचणाऱ्याला तपासता येत नाही.

उरलेल्याचा क्रम असा लावा: वर नाव, फोन +91 लावून, ईमेल. मग दोन-तीन ओळींत तुम्ही कोण आणि कुठलं काम शोधताय. मग टेस्टिंगचं काम आणि कौशल्यं, मग शाळेचा अनुभव, मग शिक्षण, शेवटी भाषा. तुम्ही शाळा पहिली ठेवली तर वाचणारा "शिक्षिका आहेत" म्हणून पहिल्या चार ओळींतच थांबतो, खालचं प्रोजेक्ट बघतच नाही. पण पदाचं नाव मात्र शिक्षिकाच राहू दे, शाळेच्या नोकरीला क्यूए वगैरे नाव देऊ नका, अनुभवाचा दाखला मागितला की सगळंच अडकतं.

आता शाळेच्या ओळी. "विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन भरते" यातून काहीच कळत नाही. नेमकं काय करता ते आठवा. आपल्याकडं पोराचं नाव शाळेच्या रजिस्टरला मराठीत, जन्मदाखल्यावर कन्नडमध्ये, आधारवर इंग्रजीत, आणि तिन्हीकडं स्पेलिंग वेगळं. तुम्ही ते ताडून बघता, फरक असलेल्यांची यादी काढता, पालकांना बोलावून दुरुस्त करून घेता. मग लिहा असं (मी मराठीत देतोय, तुम्ही इंग्रजीत घ्या): "दरवर्षी इतक्या विद्यार्थ्यांच्या नोंदी तीन कागदपत्रांशी पडताळल्या, तफावतींची यादी करून दुरुस्त्या पूर्ण होईपर्यंत पाठपुरावा केला." आकडा तुमच्या वर्गाचा खरा तेवढाच घाला. प्रश्नपत्रिकेचंही तसंच. तुम्ही ब्लूप्रिंट करता, कुठल्या धड्याला किती गुण, कुठला घटक सुटला नाही ना. टेस्टिंगमध्ये कुठली रिक्वायरमेंट कुठल्या टेस्ट केसनं तपासली याचा तक्ता असतो, विचार तोच. पण रेझ्युमेत "गुणभाराचा तक्ता करून सर्व घटक तपासले" एवढंच लिहा, "टेस्ट केसेस लिहिल्या" असं शाळेच्या खाली लिहू नका.

खरा जोर प्रोजेक्टवर द्या. शॉपिंग साइट क्लासमधल्या प्रत्येकाच्या रेझ्युमेत असते, आम्ही ती वाचायचीसुद्धा सोडलीय. तुम्हाला जे आतून माहीत आहे ते घ्या: गुण नोंदवायचा फॉर्म. एसएसएलसीला गणिताची लेखी 80 ची असते ना, मग गूगल फॉर्मवर एक प्रश्न करा, "लेखी गुण", आणि उत्तरावर 0 ते 80 मधली संख्याच चालेल अशी अट लावा. आता काठावरचे आकडे टाकून बघा: -1, 0, 80, 81. हे चारही बरोबर वागतील, आणि इथंच बहुतेक जण काम संपलं म्हणतात. मग 79.5 टाका. फॉर्म ते घेतो, कारण अट फक्त दोन आकड्यांच्या मधलं एवढीच बघते, पूर्णांक आहे का ते बघत नाही. रिकामं सोडा, "आवश्यक" चालू केलं नसेल तर तेही जातं. आणि गैरहजर पोराचं काय, शिक्षक तिथं 0 टाकणार, मग शून्य मिळालेला आणि न आलेला यात फरकच राहत नाही. हा तिसरा दोष शिक्षिकेलाच सुचतो, आणि माझ्यासारखा वाचणारा नेमका तिथं थांबतो.

प्रत्येक दोष असा लिहा:

शीर्षक: लेखी गुणांच्या रकान्यात अपूर्णांक स्वीकारला जातो
पायऱ्या: फॉर्म उघडा, लेखी गुणांत 79.5 टाका, सबमिट करा
अपेक्षित: चूक दाखवणारा संदेश यावा, फॉर्म जाऊ नये
प्रत्यक्ष: फॉर्म सबमिट होतो

सोबत स्क्रीनशॉट, टेस्ट केसेसची शीट, आणि सगळं गिटहबवर ठेवून लिंक रेझ्युमेत द्या. एक सांगून ठेवतो, खऱ्या विद्यार्थ्यांची नावं त्यात नकोत आणि सरकारी चालू पोर्टलवर परवानगीशिवाय असले प्रयोग अजिबात करू नका.

कौशल्यांत सेलेनियम लिहायचं तर त्याच फॉर्मवर एक तरी स्क्रिप्ट चालवून दाखवता आली पाहिजे, नाहीतर "शिकतेय" असं लिहा. एसक्यूएलला दोन टेबल जोडून गुण काढता येतात का, मुलाखतीत हेच विचारतात. टेस्टिंगचं प्रमाणपत्र देणाऱ्या आयएसटीक्यूबीची फाउंडेशन परीक्षा द्या, 40 प्रश्न, 26 बरोबर लागतात, वेळ 60 मिनिटं आणि परीक्षा तुमच्या मातृभाषेत नसेल तर 75. पास झाल्यावरच रेझ्युमेत घाला.

जर्मनीसाठी तारखा महिना-वर्ष अशा, नवीन वर, जुनं खाली. 2012 ते 2013 मधले महिने आणि 2019 ची रजा दोन्ही एकेका ओळीत लिहून टाका, इकडं मोकळी जागा दिसली की प्रश्न येतो, लिहिलेल्या रजेवर येत नाही. पदवीचं नाव सर्टिफिकेटवर आहे अक्षरशः तसंच, कारण व्हिसाच्या वेळी विद्यापीठ आणि पदवी परदेशी पदव्यांच्या anabin या जर्मन यादीत बघतात, तुम्ही आत्ताच बघून घ्या. भाषांत मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी, आणि जर्मन असेल तर "थोडं येतं" नको, ए2 किंवा बी1 अशी पातळी.

दोन रकान्यांचं रंगीत टेम्प्लेट घेऊ नका. पीडीएफ झाली की त्यातला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. ओळी एकमेकांत घुसल्या असतील तर कंपनीचं सॉफ्टवेअरही तसंच घुसलेलं वाचू शकतं.

आणि स्पष्टच सांगतो, टेस्टिंगच्या एकाही नोकरीशिवाय थेट इथं बोलावणं येणं फार अवघड आहे. हाच रेझ्युमे आधी पुणे, बेंगळुरू, हुबळीला पाठवा, वर्ष-दोन वर्षं तिथं काढा, मग इकडं अर्ज करा. राजीनामा आत्ता देऊ नका. वरच्या तीन ओळी आणि तो गैरहजरचा दोष लिहून पाठवा, मी बघतो.