फ्लोट स्विच आणि कॉन्टॅक्टर यांची जोडणी

प्रश्न: गच्चीवरची टाकी आपोआप भरावी म्हणून एक एचपीच्या सिंगल फेज मोनोब्लॉक पंपाला फ्लोट स्विच आणि कॉन्टॅक्टर कसे जोडावेत?

उत्तर: मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट खेचते आणि तो थेट फ्लोटमधून गेला तर त्याचे संपर्कबिंदू जळून चिकटतात, म्हणून फ्लोटने केवळ कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटरचा मोठा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या चुंबकीय स्विचची, कॉइल चालवावी. एमसीबीनंतरचा फेज आणि न्यूट्रल कॉन्टॅक्टरच्या दोन मुख्य संपर्कांतून आणि पुढे, मोटरवर जादा भार आल्यास कॉइलचा पुरवठा तोडणाऱ्या ओव्हरलोड रिलेतून पंपाकडे न्यावेत. कॉइल २३० व्होल्टची घ्यावी. तिच्या A2 ला न्यूट्रल थेट द्यावा, तर A1 ला फेज ओव्हरलोड रिलेच्या ९५-९६ संपर्कातून आणि पुढे फ्लोटमधून आणावा.

फ्लोटच्या तीन तारांच्या रंगांवर विसंबू नये. मल्टिमीटर लावून फ्लोट खाली लोंबकळत असताना जुळणारी आणि वर उचलल्यावर तुटणारी जोडी शोधावी. तिसरी तार इन्सुलेट करून ठेवावी. जोडी उलटी लागली, तर भरलेल्या टाकीवर पंप सुरू होतो.

केबलवरचे वजन फ्लोटच्या फार जवळ असल्यास पाणी किंचित हलले तरी कॉन्टॅक्टर खटखट वाजत राहतो. अशा वेळी अंतर वाढवावे. खालचा हौद आटण्याची शक्यता असेल, तर तिथे वर उचलल्यावर जुळणारा दुसरा फ्लोट त्याच कॉइलच्या फेजमध्ये सिरीजमध्ये घालावा.

पाण्यात २३० व्होल्टची केबल असल्याने करंटची गळती होताच वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि पक्के अर्थिंग मी अनिवार्य मानतो. जोडणी परवानाधारक वायरमनकडून, मेन स्विच बंद ठेवूनच करून घ्यावी.