पत्ते परत का पिसलेस?

‘अक्का, बेळगावच्या शहापुरात मी आणि माझी मैत्रीण नऊ वर्षं भागीत साड्यांचा धंदा करत होतो. गेल्या महिन्यात तिनं गिऱ्हाइकांची वही उचलली आणि वेगळं दुकान थाटलं. मी रोज रात्री टॅरोचे तीन पत्ते काढते. पहिल्या रात्री तीन तलवारींचा पत्ता आला, मग परत पिसले. चौथ्या रात्री दहा तलवारींचा निघाला. म्हणजे आता सगळं संपलं ना?’

‘मग परत पिसले.’ किती सहज लिहून गेलीस गं!

उत्तर पहिल्याच रात्री आलं होतं. तुला ते पुरलं नाही, कारण त्यात निकाल नव्हता. पामेला कोलमन स्मिथनं १९०९ साली काढलेलं ते चित्र परत एकदा बघ. लाल काळीज, आरपार तीन तलवारी, मागं करडे ढग आणि पाऊस. माणूस कुठंच नाही. कोण चुकलं, पुढं काय होणार, यातलं काही नाही. दुखतंय, एवढंच.

तुला निकालच हवा होता, मग तो निघेपर्यंत पिसत बसलीस. ७८ पत्त्यांत धडकी भरवणारे पाच धर: तीन, नऊ आणि दहा तलवारी, मनोरा, मृत्यू. तीन पत्ते काढले की त्यातला एखादा निघण्याची शक्यता शंभरात अठरा. चार रात्री काढले की निम्म्याच्या वर. यात दैव कुठं आलं?

आता तो दहाचा. माणूस पालथा पडलाय आणि पाठीत दहा तलवारी. मारायला एक पुरे होती की! तलवारी हा विचारांचा आणि बोलण्याचा संच. वही नेली ही एक तलवार तिची. ‘मी मूर्खच’, ‘नऊ वर्षं खोटीच’, ‘आता कुणावर विश्वास नको’ या तुझ्या तू रोवल्यास. चित्रात काळ्या आभाळाखाली पिवळा पट्टा आहे, पाणी संथ आहे. काहीतरी संपलं, हे पत्ता सांगतो खरं. पण काय संपलं, ते तुझ्या प्रश्नावर ठरतं आणि तू विचारलंस ‘सगळं’. भागीदारी संपली हे कळायला पत्ता कशाला लागतो?

निकालाची वाट बघत कसं जगायचं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, म्हणून बेळगावात कुणी शटर ओढून बसलेलं नाही.

तर तीन तलवारींचा पत्ता बाहेर ठेव, बाकीचे सतहत्तर कपाटात. कागदावर तिन्ही तलवारींची नावं लिही, फक्त तिनं केलेल्या गोष्टींची. ‘माझ्या नशिबी’ असं काही आलं की खोड. एकीचं नाव वही असणार, आणि ती मागून परत मिळण्यासारखी आहे. येत्या रविवारी तिच्या दुकानात जा आणि निदान झेरॉक्स तरी माग. उंबऱ्यावर रडू आलं तर येऊ दे, पण वही घेतल्याशिवाय परतू नकोस.